माहितीला किती पैसे मोजावेत?

मुलुंडला घरगुती पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका बाईंची कल्पना करू या. पाच-सहा जणी हाताने पोळ्या लाटतात, रोजच्या पोळ्या संध्याकाळी सहाच्या आत संपतात आणि गिऱ्हाईक परत जाते. बाईंच्या मनात आहे की अंधेरीच्या एमआयडीसीत गाळा घ्यावा, पोळ्यांचे यंत्र बसवावे आणि सीप्झ-मरोळ भागातल्या कार्यालयांच्या उपाहारगृहांना घाऊक पोळ्या पुरवाव्यात. मुलुंडहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने तिथे जाता येते, यंत्राचे दरपत्रक हातात आहे, बँकेशी बोलणे झाले आहे. अडले आहे ते एकाच प्रश्नावर. या कार्यालयांतून माणसे आता आठवड्याचे पाचही दिवस जेवायला येतात का? महामारीनंतर निम्मी माणसे घरून काम करू लागली, त्यातली किती परतली आणि किती परतणार नाहीत, हे बाहेरून कळत नाही.

घरातले म्हणतात, आधी बाजाराची पाहणी करून घे. पाहणी करणारी संस्था एक लाख रुपये मागते. दुसरा मार्ग म्हणजे तीन महिने दुसऱ्याच्या कारखान्यातून पोळ्या विकत घेऊन काही कार्यालयांना प्रत्यक्ष पुरवून बघणे. त्याला अडीच लाख लागतील. असा खर्च करावा का, आणि केला तर कोणत्या मार्गावर? बहुतेक जण याचे उत्तर स्वभावाप्रमाणे देतात. सावध माणूस म्हणतो, माहिती कधी वाया जात नाही. धाडसी माणूस म्हणतो, पाहणीत वेळ घालवणारे पाहतच राहतात. परंतु या प्रश्नाला हिशेबाने उत्तर देता येते. तो हिशेब फारसा अवघड नाही, आणि त्याची उत्तरे कधीकधी दोन्ही स्वभावांच्या विरुद्ध जातात.

या हिशेबाचा पाया हार्वर्डमधल्या हॉवर्ड रायफा आणि रॉबर्ट श्लायफर या दोघांनी १९६१ च्या ग्रंथात घातला. त्या काळात या विषयाचे ठरलेले उदाहरण तेलविहिरीचे असे. जमिनीखाली तेल आहे की नाही ठाऊक नाही, विहीर खणायला मोठा खर्च, पण आधी थोड्या खर्चात भूकंपलहरींची चाचणी करता येते. ती करावी का? आपल्याकडे ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल गाठले त्याच्याही आधी समुद्रतळाचे असेच सर्वेक्षण झाले होते. तेलाच्या जागी पोळ्या ठेवल्या तरी प्रश्नाची जात बदलत नाही.

आता बाईंचे आकडे मांडू. ते सोयीसाठी धरलेले आहेत, मात्र त्यांचे एकमेकांशी नाते खऱ्या धंद्यासारखेच आहे. गाळ्याची अनामत, यंत्र, वीज-गॅसची जोडणी आणि टेम्पो मिळून सुरुवातीला ६० लाख रुपये लागतात. पाच वर्षांनी यंत्र विकून आणि अनामत परत घेऊन २० लाख हाती येतील. एका पोळीमागे पीठ, तेल, गॅस आणि पोचवणी वजा जाता ३ रुपये उरतात. गाळ्याचे भाडे, पगार आणि देखभाल यांचा वर्षाचा ठरलेला खर्च ४० लाख २० हजार. वर्षाचे कामाचे दिवस २८०.

मागणी चांगली असेल तर रोज ८,००० पोळ्या जातील. वर्षाला ६७ लाख २० हजार येतील आणि ठरलेला खर्च वजा जाता २७ लाख उरतील. मागणी मंद असेल तर रोज ५,५०० पोळ्या जातील, आणि त्याच हिशेबाने उरतील फक्त ६ लाख. येथे थोडे थांबण्यासारखे आहे. पोळ्या कमी झाल्या त्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी, आणि शिल्लक उतरली चौथाईच्याही खाली. ठरलेला खर्च जास्त असलेल्या प्रत्येक धंद्यात हे घडते, आणि म्हणूनच अशा धंद्यात मागणीचा अंदाज थोडा चुकला तरी महागात पडतो.

पाच वर्षांत येणारे पैसे आजच्या पैशांत मोजायला हवेत, कारण बाईंनी हीच रक्कम दुसरीकडे गुंतवली असती किंवा कर्ज कमी घेतले असते तर त्यावर काही मिळालेच असते. तो दर वर्षाला १५ टक्के धरला, तर पहिल्या वर्षअखेरचे २७ लाख आज साडेतेवीस लाखांइतके होतात, पाचव्या वर्षाचे तेच २७ लाख जेमतेम साडेतेरा लाखांइतके. पाचही वर्षांची बेरीज सुमारे साडेनव्वद लाख, शेवटी परत येणाऱ्या २० लाखांचे आजचे मोल सुमारे १० लाख. या शंभर लाखांतून ६० लाखांची गुंतवणूक वजा केली की उरतात ४० लाख. यालाच निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. मंद मागणीत हाच हिशेब उणे ३० लाखांवर येतो. सहा लाख रोख दरवर्षी हातात पडूनही प्रकल्प ३० लाखांनी तोट्यात असतो. अशा धंद्याचा मालक पाच वर्षे ‘धंदा चालू आहे’ असे सांगत राहतो आणि त्याच्या वहीत तोटा कुठेच दिसत नाही.

बाईंना दोन्ही शक्यता सारख्याच वाटतात, म्हणजे प्रत्येकी ५० टक्के. आता कागदावर डावीकडे एक चौकोन काढायचा. त्यातून दोन फांद्या, ‘कारखाना काढावा’ आणि ‘काढू नये’. पहिल्या फांदीच्या टोकाला एक वर्तुळ, त्यातून पुन्हा दोन फांद्या, चांगली मागणी आणि मंद मागणी. चौकोनापाशी आपण ठरवतो, वर्तुळापाशी बाजार ठरवतो. एवढाच निर्णयवृक्ष. वाचायचा मात्र उजवीकडून डावीकडे. वर्तुळापाशी ४० लाखांचे निम्मे २० आणि ३० लाखांच्या तोट्याचे निम्मे १५, म्हणजे अपेक्षित मूल्य ५ लाख. ‘काढू नये’ या फांदीचे मूल्य शून्य. चौकोनापाशी मोठा आकडा निवडायचा. तेव्हा माहिती न घेता निर्णय करायचा तर कारखाना काढावा, आणि त्या निर्णयाचे मोल ५ लाख.

आता समजा, एखादा त्रिकालज्ञ ज्योतिषी भेटला आणि तो मागणी चांगली की मंद हे बिनचूक सांगतो. त्याला किती दक्षिणा द्यावी? तो निम्म्या वेळा ‘चांगली’ म्हणेल, तेव्हा आपण कारखाना काढू आणि ४० लाख मिळवू. निम्म्या वेळा ‘मंद’ म्हणेल, तेव्हा काढणार नाही आणि काहीच गमावणार नाही. सरासरी २० लाख. ज्योतिष्याशिवाय आपल्याजवळ ५ लाख होतेच, म्हणून त्याचे मोल १५ लाख. हा आकडा आधी काढून ठेवावा, कारण तो कमाल मर्यादा आहे. कोणतीही पाहणी, कितीही नामवंत संस्थेची असली, तरी या प्रश्नावर १५ लाखांहून जास्त किमतीची असू शकत नाही. कुणी वीस लाखांचा प्रस्ताव आणला तर तो वाचायचेही कारण नाही.

या १५ लाखांचा उगम नीट पाहिला तर पुढचे सगळे सोपे होते. ज्योतिष्याने ‘चांगली’ म्हटले तेव्हा त्याने आपल्याला काहीच दिले नाही, कारण कारखाना आपण तसाही काढणार होतो. त्याचे सगळे मोल ‘मंद’ या उत्तरात आहे, कारण त्या उत्तराने आपण वाट बदलली आणि ३० लाखांचा तोटा वाचला. तो प्रसंग निम्म्या वेळा येतो, म्हणून १५ लाख. माहितीने किती ज्ञान वाढले, अहवाल किती पानांचा, आलेख किती रंगीत, यांना या हिशेबात जागाच नाही. जे उत्तर ऐकून आपण वेगळे काही करणार आहोत, तेवढ्याच उत्तराचे पैसे.

खरी पाहणी ज्योतिष्यासारखी बिनचूक नसते. तीन महिन्यांच्या पुरवठा-चाचणीचेच पाहू. समजा, मागणी खरोखर चांगली असेल तर चाचणी शंभरातून ऐंशी वेळा तसे सांगते, आणि मंद असेल तरी ऐंशी वेळा बरोबर सांगते. शक्यतांच्या गुणाकारांत अडकण्यापेक्षा अशा परिस्थितीतले शंभर प्रकल्प डोळ्यांसमोर आणावेत. त्यांतल्या पन्नासांत मागणी चांगली आहे, पन्नासांत मंद. चांगल्या पन्नासांपैकी ४० ठिकाणी चाचणी ‘हो’ म्हणेल, १० ठिकाणी उगाच ‘नाही’ म्हणेल. मंद पन्नासांपैकी ४० ठिकाणी ‘नाही’, १० ठिकाणी उगाच ‘हो’.

‘हो’ ऐकलेले पन्नास प्रकल्प वेगळे काढले तर त्यांत ४० चांगले आणि १० मंद. चाळीस गुणिले ४० लाखांतून दहा गुणिले ३० लाख वजा केले की १,३०० लाख उरतात. ‘नाही’ ऐकलेल्या पन्नासांत १० चांगले आणि ४० मंद, तेथे कारखाना काढला तर सगळ्यांचा मिळून ८०० लाखांचा तोटा, म्हणून तेथे काढायचा नाही. शंभर प्रकल्पांमागे १,३०० लाख, म्हणजे दर प्रकल्पाला १३ लाख. आधी ५ लाख होते. चाचणीचे मोल ८ लाख. खर्च अडीच लाख. शिवाय कारखाना तीन महिने उशिरा सुरू होणार, त्यामुळे १३ लाखांचे आजचे मोल सुमारे ४५ हजारांनी घटते. सगळे वजा जाता पाच लाखांहून थोडे जास्त उरते. चाचणी करावी.

येथे कुणी विचारील, ऐंशी टक्के कुठून आणले? प्रश्न रास्त आहे. तो आकडा अंदाजाचाच असतो. पण अंदाज किती चुकला तर निर्णय उलटतो, हे त्याच हिशेबातून उलट दिशेने काढता येते. या उदाहरणात चाचणी तिनांतून दोन वेळा बरोबर असली तरी तिचा खर्च निघतो. म्हणजे ती ऐंशी टक्के अचूक की पंचाहत्तर, यावर वाद घालत बसायची गरज नाही. तिनांतून दोन वेळा तरी बरोबर येईल असे वाटते का, एवढेच ठरवायचे.

आता संस्थेच्या एक लाखाच्या पाहणीकडे वळू. संस्था कार्यालयांच्या व्यवस्थापकांना प्रश्नावली देणार. ‘गरम, मऊ, एकसारख्या पोळ्या वेळेवर मिळाल्या तर तुम्ही घ्याल का?’ या प्रश्नाला नाही कोण म्हणेल? सांगायला पैसे पडत नाहीत, समोरची मुलगी उन्हातून आली आहे, चहाही झाला आहे. समजा, मागणी चांगली असलेल्या ५० ठिकाणांपैकी ४८ ठिकाणी प्रश्नावली ‘हो’ म्हणते आणि मंद असलेल्या ५० ठिकाणांपैकी ४५ ठिकाणीही ‘हो’च म्हणते. पहिला आकडा ऐकायला फार छान वाटतो, पाहणी चांगला बाजार जवळपास कधीच चुकवत नाही. पण हिशेब करा. ‘हो’ ऐकलेल्या ९३ प्रकल्पांत ४८ चांगले, ४५ मंद. त्यांची निव्वळ बेरीज ५७० लाख, म्हणजे दर प्रकल्पाला ५ लाख ७० हजार. आधीच्या ५ लाखांहून फक्त ७० हजार जास्त. एक लाखाची पाहणी ७० हजारांची निघाली. अडीच लाखांची चाचणी स्वस्त आणि एक लाखाची प्रश्नावली महाग, ती अशी.

संस्था यावर म्हणते, मग शंभरऐवजी पाचशे कार्यालयांना विचारू. येथे एका मराठी संख्याशास्त्रज्ञाची आठवण होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांनी चाळिसाच्या दशकात पीककापणीच्या पाहण्यांवर काम केले. शेतातला छोटासा तुकडा आखून त्यातले पीक कापायचे, तोलायचे आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचे उत्पन्न काढायचे, अशी ती पद्धत. सुखात्मे यांनी दाखवले की तुकडे फार लहान घेतले तर उत्पन्न नेहमी जास्तच दिसते. आखणीच्या रेषेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याच्या हातात असते, आणि तो हात आत धरण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड मोठी. असे हजारो तुकडे कापले तरी चूक भरून निघत नाही, कारण सगळ्या चुका एकाच बाजूला पडतात. ‘तुम्ही घ्याल का’ हा प्रश्न पाचशे जणांना विचारणे हे त्याच प्रकारचे आहे. संख्या वाढवून योगायोगाची चूक कमी होते, झुकलेल्या हाताची होत नाही.

पुरवठा-चाचणीचा हातही झुकू शकतो, आणि तो कुठे झुकतो हे ठाऊक असले पाहिजे. ओळखीच्या माणसाच्या कार्यालयात चाचणी केली तर भिडेखातर पोळ्या घेतल्या जातात. पहिले दोन आठवडे नवलाईचे असतात. दर मुद्दाम कमी ठेवला तर मागणी पोळीला आहे की सवलतीला, हे कळत नाही. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट चाचणी केली तर बाहेर न पडणारी माणसे आतच जेवतात आणि आकडा फुगतो. या सगळ्यांवर एक उपाय आहे आणि तो फुकट आहे. किती पोळ्या गेल्या म्हणजे ‘हो’ समजायचे, हे चाचणीच्या आधी कागदावर लिहून ठेवायचे. बाईंच्या प्रकल्पात फायदा-तोटा जेथे बरोबर होतो तो आकडा रोज सुमारे ६,५६० पोळ्यांचा आहे. तेव्हा चाचणीतल्या कार्यालयांची माणसे मोजून, त्या प्रमाणात, शेवटच्या महिन्याचा हा आकडा आधीच ठरवावा. तो ठरवला नाही तर तीन महिन्यांनी आलेल्या कोणत्याही आकड्याला घरात ‘बरा प्रतिसाद’ म्हटले जाते. अडीच लाख खर्च होतात, आणि जे करायचे होते तेच केले जाते.

मला या हिशेबात सर्वांत नवल वाटते ते पुढच्या भागाचे. बाईंना दोन्ही शक्यता सारख्या वाटत होत्या. समजा, त्यांना ८० टक्के खात्री आहे की मागणी चांगली असेल. शंभर प्रकल्पांत ८० चांगले, २० मंद. तीच चाचणी केली तर ‘नाही’ ऐकणाऱ्यांत १६ चांगले आणि १६ मंद असतील. आता सोळा गुणिले ४० हे सोळा गुणिले ३० पेक्षा मोठे आहे. म्हणजे चाचणीने ‘नाही’ म्हटले तरी हिशेब सांगतो की कारखाना काढा. ‘हो’ म्हटले तरी काढा. मग चाचणी कशासाठी? तिचे मोल तंतोतंत शून्य आहे, अडीच रुपयेसुद्धा नाही. या आकड्यांत खात्री ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की ही चाचणी निरुपयोगी होते.

उलट टोकही पाहावे. बाईंना २० टक्केच आशा असेल तर न विचारता उत्तर ‘काढू नये’ असे आहे. चाचणी केल्यास तिचे मोल १ लाख ६० हजार निघते, आणि खर्च अडीच लाख आहे. येथेही चाचणी करू नये. माहिती सर्वांत मोलाची असते ती मधे, जेथे काढावे आणि न काढावे यांत काही फरकच वाटत नाही. बाईंच्या आकड्यांत ती जागा ४३ टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र माणसे पाहणी मागतात ती बहुधा या जागी नाही. ज्याने निर्णय केलेला असतो तो पाहणी मागतो, कारण त्याला भागीदाराला किंवा बँकेला दाखवायला कागद हवा असतो. त्या कागदाला किंमत असेल, पण ती माहितीची किंमत नव्हे, तो छपाईचा खर्च समजावा.

आतापर्यंत एक गोष्ट गृहीत धरली, की कारखाना एकदा काढला की पाच वर्षे तोच चालवायचा. प्रत्यक्षात माघार घेता येते, आणि माघारीची सोय असली की माहितीचे मोल उतरते. समजा, बाईंनी यंत्र परतीच्या बोलीवर घेतले, गाळा अकरा महिन्यांच्या करारावर घेतला, आणि त्यामुळे मंद मागणीतला तोटा ३० ऐवजी १५ लाखांवर थांबला. मग माहिती न घेता केलेल्या निर्णयाचेच मोल साडेबारा लाख होते. चाचणी करून ते साडेचौदा लाख होते. फरक फक्त दोन लाखांचा, चाचणीचा खर्च अडीच लाख. जी चाचणी मघाशी पाच लाख कमावून देत होती, ती आता पदरचे घेते. अर्थात परतीच्या बोलीचेही पैसे पडतात, आणि ते किती हे विचारायला हवे. पण ‘आधी सगळे जाणून घे’ आणि ‘आधी थोडे करून बघ, अंगलट आले तर निघ’ हे दोन्ही मार्ग एकाच तराजूत घालून तोलता येतात.

हे उपनगरांत राहणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे, फक्त पोळ्यांच्या नव्हे तर लोखंडाच्या मापात. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी धावली. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानके १२. गाड्या चार डब्यांच्या आल्या, पण फलाट सहा डबे उभे राहतील एवढे बांधले गेले. वीस वर्षांनी किती प्रवासी येतील याचा बिनचूक अंदाज मिळवायला कितीही पैसे ओतले तरी तो मिळाला नसता. फलाट जास्तीचा बांधणे हे त्या माहितीऐवजी घेतलेले मोकळेपण आहे. प्रवासी वाढले तर डबे जोडता येतात, न वाढले तर वाया गेले ते दोन डब्यांपुरते काँक्रीट. उलट, रोज दोन गर्दीच्या वेळा फलाटावर रेटारेटी सोसणाऱ्याला ते डबे अजून का जोडले नाहीत असे वाटते, तेही योग्यच आहे, पण तो निर्णयवृक्षाचा पुढचा चौकोन आहे.

चेंबूरच्या मोनोरेलबाबत चित्र वेगळे होते. तिचा वडाळ्यापर्यंतचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला आणि संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा पुढचा टप्पा मार्च २०१९ मध्ये. प्रवासी अपेक्षेच्या फारच खाली राहिले. मोनोरेलच्या तुळया दुसऱ्या कुठल्या वाहनाला वापरता येत नाहीत, डबे दुसऱ्या मार्गावर नेता येत नाहीत, गाड्या बनवणारेही जगात मोजकेच. माघारीची सोय जवळजवळ नव्हती, आणि या भागात कोण कुठून कुठे जाते हे मोजणे अशक्य नव्हते. जेथे माहिती महागडी असूनही घ्यायला हवी, ती जागा अशी असते.

पण घाटकोपर मेट्रोचा मला वाटणारा खरा धडा प्रवाशांच्या आकड्यात नाही. गाड्या भरल्या. भांडण झाले ते दुसऱ्याच दोन फांद्यांवर. कराराच्या वेळी प्रकल्पाचा खर्च २,३५६ कोटी रुपये धरला होता, कंपनीने नंतर तो ४,३२१ कोटींवर गेल्याचा दावा केला. रेल्वेमार्गावरून, महामार्गावरून, दाट वस्तीतून खांब नेताना जागा आणि परवानग्या मिळायला वर्षे लागली, २००७ मध्ये करार झालेला मार्ग २०१४ मध्ये उघडला. दुसरी फांदी भाड्याची. करारात धरलेले ९, ११ आणि १३ रुपये की कंपनीला हवे असलेले १० ते ४० रुपये, हा वाद उच्च न्यायालयात गेला. पुढे २०१५ मध्ये भाडे ठरवणाऱ्या समितीने ११० रुपयांपर्यंतच्या भाड्याची शिफारस केली, ती न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात रद्द केली. अशा प्रकल्पात प्रवाशांची गणना आणखी दहा टक्के अचूक करण्यावर खर्च केलेला रुपया वाया गेला असता, कारण तिच्या कोणत्याही उत्तराने निर्णय बदलत नव्हता. जागा कधी ताब्यात येईल आणि भाडे कोण ठरवील, या दोन प्रश्नांच्या उत्तरांनी बोलीचा आकडा बदलला असता, करारातले कलम बदलले असते. निर्णयवृक्ष काढल्याचा मोठा उपयोग हा, की पाहणी करायची तर कोणत्या वर्तुळावर, हे आकडे भरतानाच दिसू लागते. प्रत्येक वर्तुळापाशी ज्योतिषी उभा करून बघायचा आणि ज्याची दक्षिणा मोठी निघेल त्याच्याकडे जायचे.

बाईंच्या कागदावरही मागणीशिवाय आणखी वर्तुळे आहेत. त्यांतले एक आपण मुद्दाम वगळले होते. एमआयडीसीतला तो गाळा अभियांत्रिकी कामासाठी दिलेला असेल, तर तेथे अन्नपदार्थ करायला वापर बदलण्याची परवानगी लागेल. ती न मिळण्याची शक्यता दहा टक्के धरली, आणि यंत्र बसवल्यानंतर ती नाकारली तर यंत्र मोडीत विकून ३५ लाख बुडतील असे धरले, तर या एका प्रश्नाच्या उत्तराचे मोल साडेतीन लाख होते. हे उत्तर मिळायला तीन महिने पोळ्या पुरवाव्या लागत नाहीत. महाकाली गुंफा रस्त्यावर एमआयडीसीचे मुख्य कार्यालय आहे, तेथे गाळ्याचा क्रमांक घालून एक अर्ज द्यावा लागतो, आणि लेखी उत्तर येईपर्यंत अनामत भरायची नाही.